टाचण आडवे मांडताना

‘भाकरीचे दोन सारखे भाग केल्यास एका भागास काय म्हणतात, असे प्रश्न विचारून विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान जागृत करून घेईन. त्यानंतर कागदाच्या घड्या घालून एक द्वितीयांश, दोन चतुर्थांश व चार अष्टमांश हे भाग सारखेच असतात हे लक्षात आणून देईन. विद्यार्थी कृतीत आनंदाने सहभागी होतील. फळ्यावर आकृत्या काढून अंश व छेदाला एकाच संख्येने गुणल्यास सममूल्य अपूर्णांक मिळतो हा नियम स्पष्ट करेन. विद्यार्थ्यांकडून उदाहरणे सोडवून घेईन व शेवटी गृहपाठ देईन.’

इयत्ता पाचवी, विषय गणित, उपघटक सममूल्य अपूर्णांक, वेळ ३५ मिनिटे, पट ३२. अध्यापक विद्यालयात सराव पाठांचे दिवस आले की अशा टाचणांनी माझे टेबल भरून जाते. हे टाचण वाईट म्हणता येणार नाही. अक्षर छान आहे, क्रम बरोबर आहे. जर्मनीतल्या हर्बार्टच्या शिष्यांनी एकोणिसाव्या शतकात पाठाच्या ज्या पाच पायऱ्या बसवल्या, त्या आपल्याकडे ‘पंचपदी’ म्हणून आल्या आणि अजूनही टाचणाच्या वहीत बिऱ्हाड करून आहेत. पूर्वज्ञानापासून उपयोजनापर्यंत सगळे जिथल्या तिथे. अडचण एवढीच, की हे वाचून तास घेता येत नाही. हातात खडू, समोर बत्तीस मुले, आणि ‘आता पुढे काय’ हे पाहायला वहीत डोकवावे तर सलग मजकुरात ती जागा सापडेपर्यंत मागच्या बाकावर वेगळाच तास सुरू झालेला असतो.

म्हणून मी त्याचा तक्ता करायला सांगते. रकाने चार : उद्दिष्ट, कृती, वेळ, साहित्य. आणि दुसऱ्या दिवशी तक्ता येतो तो बहुतेक वेळा असा : प्रत्येक पूर्णविरामाशी परिच्छेद तोडलेला, एकेक वाक्य एकेका ओळीत ‘कृती’ या रकान्यात बसवलेले, ३५ मिनिटांची पाच-पाच-पंधरा-पाच-पाच अशी वाटणी, साहित्यात ‘खडू, फळा, डस्टर, कागद’ आणि उद्दिष्टाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘सममूल्य अपूर्णांक समजून घेतो’. वर्डमध्ये Convert Text to Table म्हणून एक सोय आहे, ती हेच काम क्षणात करते. मजकूर होता तसाच राहतो, फक्त त्याच्याभोवती रेघा येतात.

खरे काम रकाने भरण्याच्या क्रमात आहे. तक्त्यात उद्दिष्ट डावीकडे पहिले असते, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात. नवा पाठ कोऱ्या कागदावर रचायचा असेल तर ते ठीकच. पण इथे पाठ आधीच लिहिलेला आहे आणि तो उलगडायचा आहे. अशा वेळी मी कृतीपासून सुरुवात करायला लावते. कृती नीट लिहिली की साहित्य तिच्यातून आपोआप गळून खाली पडते, साहित्य ठरले की वेळ मोजता येतो, आणि वेळेची ओढाताण झाल्यावर जे उरते त्यावरून उद्दिष्ट लिहायचे. पाठाचे मोठे उद्दिष्ट डोक्यात असतेच. ओळीओळीचे उद्दिष्ट मात्र शेवटी.

कृतीसाठी परिच्छेदातली क्रियापदे पेन्सिलने अधोरेखित करायची आणि प्रत्येकाखाली लिहायचे : हे कोण करते? वरच्या उताऱ्यात ‘जागृत करून घेईन’, ‘लक्षात आणून देईन’, ‘स्पष्ट करेन’, ‘सोडवून घेईन’ अशी सगळी क्रियापदे बाईंची आहेत. मुलांच्या वाट्याला एकच आले आहे, ‘सहभागी होतील’, आणि ते म्हणजे नेमके काय करतील हे कुणालाच सांगता येणार नाही. टाचणाची भाषा पिढ्यान् पिढ्या अशीच चालत आली आहे आणि तिच्यात एक सोय आहे. ‘करून घेईन’ म्हटले की काम मुलांनी केले की बाईंनी, हा प्रश्न झाकला जातो.

ज्या छात्राध्यापिकेचे हे टाचण होते तिला मी विचारले, “कागदाच्या घड्या घालून, असं लिहिलंयस. कागद कुणाच्या हातात आहे?”

“माझ्या. म्हणजे… मुलांच्याही, मॅडम.”

“एकेकाच्या?”

“हो, एकेकाच्या.”

“एकेकाला किती कागद?”

तिने थोडा विचार करून तीन म्हटले. अर्ध्यासाठी एक, चतुर्थांशासाठी एक, अष्टमांशासाठी एक. बत्तीस त्रिक शहाण्णव. तिथेच ती हसली, कारण शहाण्णव कागद कापायचे, मोजायचे, वाटायचे कुणी हे तिच्या ध्यानात आले. परिच्छेदात ‘कागदाच्या घड्या घालून’ हे तीन शब्द ज्या सहजतेने बसले होते, ती सहजता एका प्रश्नाने गेली. बाईंच्या हातात एकच मोठा कागद असेल तर ही कृती तीन मिनिटांत उरकते, मुले फक्त बघतात. प्रत्येकाच्या हातात असेल तर पंधरा मिनिटे जातात, पण घडी मुलांच्या बोटांतून जाते. दोन्ही पाठ परिच्छेदात अगदी सारखे दिसतात.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. ए-फोर कागदाच्या लांबीच्या बाजूने पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या तर एका कागदातून चार निघतात. प्रत्येकाला एकच पट्टी दिली तर बत्तीस मुलांना आठ कागद पुरतात, आणि फाटण्या-हरवण्यासाठी चार पट्ट्या जास्तीच्या धरल्या तर नऊ. पण एका पट्टीवर तीन अपूर्णांक कसे दाखवायचे? उलट एकच पट्टी असेल तर ते जास्त चांगले दिसते. पट्टीची मधोमध घडी घालून उलगडायची आणि एका भागात पेन्सिलने तिरप्या रेघा मारायच्या. दोन भागांपैकी एक. मग पहिली घडी पुन्हा मिटायची, तिच्यावर आणखी एक घडी घालायची आणि उलगडायचे. आता चार भाग दिसतात, त्यांतल्या दोनांत रेघा आहेत. तिसऱ्यांदा केले की आठांपैकी चार. रेघांचा भाग तसूभरही वाढला किंवा कमी झाला नाही, कारण त्याला कुणी हात लावलेला नाही. बदलल्या त्या घड्या. तीन वेगळ्या पट्ट्या दिल्या असत्या तर एखाद्याची घडी वाकडी पडून त्याचा ‘दोन चतुर्थांश’ शेजारच्या ‘अर्ध्या’पेक्षा लांब झाला असता, आणि आपण जे सिद्ध करायला निघालो त्याच्या नेमके उलट त्या मुलाच्या डोळ्यांसमोर आले असते.

एका पट्टीचा तोटाही आहे. तिसरी घडी घातली की पहिली स्थिती दिसेनाशी होते. म्हणून प्रत्येक घडीनंतर ‘सगळे भाग किती, रेघांचे किती’ हे वहीत लिहायचे ही एक छोटी कृती वाढली. ती परिच्छेदात नव्हतीच. तक्ता करताना अशी गाळलेली कामे सापडतात.

आता ओळ कुठे तोडायची? पूर्णविरामाशी तर नाहीच. माझा नियम साधा आहे : मुलाच्या हातातले काम बदलले की ओळ बदलायची. पट्टीला घडी घालून रेघा मारणे ही एक ओळ. त्याच पट्टीला आणखी घड्या घालून नोंद करणे ही दुसरी. पट्टी खाली ठेवून बोलायला लागणे ही तिसरी, वहीत आकडेमोड ही चौथी. शिक्षक काय बोलतात त्यावरून ओळी पाडल्या तर पस्तीस मिनिटांच्या तासाला दहा-बारा ओळी होतात आणि तक्ताही परिच्छेदाइतकाच वाचायला अवघड होतो. पाच-सहा ओळींच्या वर गेला की समजावे, कृती चिरल्या गेल्या आहेत. आणि उलट, सबंध तासाला दोनच ओळी पडल्या तर मुले पंधरा-वीस मिनिटे एकाच जागी बसून ऐकणार आहेत, हे कागदावरच दिसते.

साहित्याचा रकाना मग सोपा. कृतीतली नामे उचलायची आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे, किती आणि कुठून. ‘कागद’ हे साहित्य होत नाही. ‘छत्तीस पट्ट्या, आदल्या दिवशी कापून, सहा-सहाचे गठ्ठे’ हे साहित्य होते. खडू, फळा, डस्टर मी खोडायला लावते. ते वर्गात असतातच. ते लिहून रकाना भरल्याचे समाधान मिळते आणि ज्याची तयारी करायला हवी ते नजरेतून सुटते. कात्री साहित्यात येत नाही हेही लक्षात ठेवावे, कारण पट्ट्या वर्गात कापायच्याच नाहीत. साहित्याच्या रकान्यात कात्री आली की वेळेच्या रकान्यात दहा मिनिटे वाढतात.

वेळेचा रकाना सर्वांत जास्त खोटे बोलतो. पाच-पाच-पंधरा-पाच-पाच ही वाटणी बेरजेकडून आलेली असते : उत्तर पस्तीस आले पाहिजे, म्हणून संख्या तशा घेतलेल्या. मी आधी बेरीज करूच देत नाही. एकेका ओळीसाठी विचारायचे, सगळ्यांत सावकाश मुलाला किती लागेल? आणि त्यात वाटप, ‘बाई माझी फाटली’, ‘बाई पेन्सिल नाही’ हे धरायचे. तिने असे लिहिले : भाकरीचे प्रश्न ५, वाटप ३, तीन घड्या आणि रंगवणे १५, त्यावर चर्चा ६, नियम ५, उदाहरणे १०, गृहपाठ २. बेरीज सेहेचाळीस. तास पस्तीसचा. वरची अकरा मिनिटे परिच्छेदात कुठेच दिसत नव्हती. तास घेताना मात्र ती दिसली असती, आणि नेहमीप्रमाणे शेवटाकडून कापली गेली असती. म्हणजे उदाहरणे गेली असती आणि मुलांना काय आले ते कळण्याआधीच घंटा झाली असती.

कुठे कापायचे हे ठरवताना पाठ खरा घडतो. तिरप्या रेघा ठरल्या असूनही तिने लिहिलेले रंगवणे सगळ्यांत आधी गेले. पाचवीच्या मुलाच्या हातात रंगखडू दिला की तो भाग रंगवत नाही, सजवतो. कडा सोडून आत, एका दिशेने, मग दुसऱ्या रंगाची किनार. तिरप्या रेघांना पाऊण मिनिट लागते आणि गणिताच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. रंगखडू साहित्यातूनही गेले. मग भाकरी गेली. पट्टीची पहिली घडी हीच पूर्वज्ञानाची चाचणी आहे. ‘दोन भागांपैकी एक म्हणजे किती लिहाल?’ याचे उत्तर बत्तीस वह्यांत दिसत असताना ते भाकरीवर वेगळे विचारायला पाच मिनिटे कशाला? प्रस्तावना वगळायची म्हटल्यावर ती जरा घाबरली. निरीक्षणाच्या तक्त्यात प्रस्तावनेला गुण असतात. मी म्हटले, ती वगळलेली नाही, घडीत घातली आहे, आणि निरीक्षकांनी विचारले तर तसे सांग.

उरला उद्दिष्टांचा रकाना. ब्लूम आणि सहकाऱ्यांचे वर्गीकरण १९५६ साली आले, रॉबर्ट मेगरचे उद्दिष्टे कशी लिहावीत यावरचे छोटे पुस्तक १९६२ साली. तेव्हापासून अध्यापक विद्यालयांतून एकच गोष्ट घोकली जात आहे, की उद्दिष्ट डोळ्यांना दिसेल अशा क्रियेत लिहा. तरी ‘समजून घेतो’ काही जात नाही. आता त्याच्या जोडीला नवी सवय आली आहे. एनसीईआरटीने २०१७ मध्ये इयत्तावार अध्ययन निष्पत्ती काढल्या. पाचवीच्या गणितात दिलेल्या अपूर्णांकाचा सममूल्य अपूर्णांक ओळखणे व तयार करणे ही निष्पत्ती आहे. ती उचलून प्रत्येक ओळीत चिकटवली जाते. निष्पत्ती खोटी नाही, पण तिचा पल्ला वर्षाचा आहे. एकच वाक्य पाचही ओळींत चालत असेल तर ते त्या पाचांतल्या एकाही ओळीचे नाही, एवढे ओळखायचे.

इथे उपयोगी पडतो तो एक प्रश्न : ही ओळ संपली तेव्हा मुलाकडे असे काय आहे, जे मी बाकाजवळ उभी राहून पाहू किंवा ऐकू शकते? पहिल्या ओळीनंतर वहीत १/२ लिहिलेले आहे. दुसऱ्या ओळीनंतर त्याखाली २/४ आणि ४/८ आहे. तिसरीनंतर मूल पट्टी दाखवून ‘रेघा तेवढ्याच आहेत’ असे म्हणू शकते. हीच त्या त्या ओळींची उद्दिष्टे. ती लिहायला मग वर्गीकरणाचा तक्ता शोधावा लागत नाही.

आणि अशी उद्दिष्टे एकाखाली एक आल्यावरच या पाठातले भगदाड दिसले. चौथ्या ओळीत ‘अंश व छेदाला एकाच संख्येने गुणतो’ असे आहे. पण वरच्या दोन ओळींतल्या घड्यांनी मुलांनी पाहिले काय? दोनाचे चार, चाराचे आठ. प्रत्येक वेळी फक्त दुप्पट. घडी मिटून पुन्हा मधोमध घातली की दुप्पटच होणार. मग ‘कोणत्याही एकाच संख्येने’ हे आले कुठून? परिच्छेदात ‘त्यानंतर’ आणि ‘स्पष्ट करेन’ या दोन शब्दांवरून पाठ ही दरी उडी मारून ओलांडत होता आणि वाचणाऱ्यालाही ती जाणवत नव्हती. वर्गात ती अशी बाहेर येते : मुले १/३ चे २/६ करतात, ४/१२ करतात, पण ३/९ कुणी लिहीत नाही. काहींना तर वाटते दोन्हींकडे सारखेच वाढवायचे आहे, म्हणून ते १/२ मध्ये वर एक आणि खाली एक मिळवून २/३ करतात आणि ठामपणे दाखवतात.

त्यासाठी साहित्यात एक वस्तू वाढवली. कार्डशीटची साठ सेंटिमीटर लांब पट्टी, अर्धी रेघांची, दर दहा सेंटिमीटरवर आधीच खूण आणि घडी. तीन भागांत घडी घालणे मुलांना अंदाजाने जमत नाही, म्हणून ही पट्टी बाईंच्या हातात. आधी मधोमध उघडून १/२ दाखवायचे, मग पूर्ण उलगडून सहांपैकी तीन. तिप्पट झाली. बत्तीस मुलांच्या हातात जे देता येत नाही ते एका हातात ठेवावे, त्यात कमीपणा नाही.

शेवटी जो तक्ता उभा राहिला तो असा :

| उद्दिष्ट | कृती | वेळ | साहित्य |
|---|---|---|---|
| पट्टीचा रेघांचा भाग १/२ असा लिहितो | पट्टी वाटप. मधोमध घडी, उलगडून एका भागात तिरप्या रेघा. ‘सगळे भाग किती? रेघांचे किती?’ वहीत नोंद | ७ मि. | ३६ पट्ट्या (६ गठ्ठे), पेन्सिल, वही |
| तोच भाग २/४ आणि ४/८ असा लिहितो | तीच पट्टी मिटून दुसरी घडी, नोंद. मग तिसरी घडी, नोंद. आडवी घडी कुणी घातली तर थांबवू नये, भाग मोजायला लावावे | ८ मि. | तीच पट्टी |
| तिन्ही सारखे का, हे पट्टी दाखवून सांगतो | ‘रेघा वाढल्या का? मग आकडे का बदलले?’ आधी शेजाऱ्याला सांगणे, मग तिघे-चौघे उभे राहून. ‘४/८ मोठा’ म्हटले तर → त्याचीच पट्टी मिटवून दाखवणे | ७ मि. | पट्टी, वही |
| अंश-छेदाला एकाच संख्येने गुणून सममूल्य अपूर्णांक लिहितो | मोठ्या पट्टीवर १/२ व ३/६. ‘इथे किती पट?’ मग वहीत : १/३ = ?/६, २/५ = ?/१५, ३/४ = ?/१२ | ८ मि. | ६० सेंमी कार्डशीटची पट्टी |
| दिलेल्या जोड्यांतून सममूल्य जोड्या निवडतो | फळ्यावर : २/३ व ४/६, १/२ व २/३, ३/५ व ९/१५. बरोबर जोड्या चिटोऱ्यावर लिहून, नाव घालून देणे | ४ मि. | ३२ कोरे चिटोरे |

बेरीज चौतीस. एक मिनिट मोकळे ठेवले. गृहपाठ सांगायला तेवढे पुरते.

दुसऱ्या ओळीतल्या आडव्या घडीची गोष्ट सांगते. पट्टीची दुसरी घडी लांबीतच घालायला सांगितली तरी एखादे मूल ती रुंदीत घालतेच. त्याचेही चार सारखे भाग होतात, दोन रेघांचे निघतात, फक्त दिसायला ते लांबुळके. टाचणात हे आधीच लिहिलेले नसेल तर नवी शिक्षिका ‘अरे, असं नाही’ म्हणून पट्टी हिसकावते, आणि त्या मुलाकडचे सगळ्यांत चांगले उदाहरण वाया जाते. त्याला फक्त मोजायला सांगितले तर शेजारचा मुलगा आपणहून विचारतो, “ह्याचं पण दोन छेद चारच?”

इथपर्यंत तक्त्याने दिले. आता तो काय घेऊन जातो तेही सांगायला हवे, कारण तक्त्यावर भाळलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत, जिथे परिच्छेद लिहिणे म्हणजे मागासपणा समजतात. रकान्यात ‘कारण’, ‘पण’, ‘नाहीतर’ हे शब्द मावत नाहीत. जुन्या मुरलेल्या गुरुजींच्या टाचणात ते खच्चून भरलेले असत. ‘पट्टी एकच द्यावी, कारण तीन दिल्यास वाकड्या घडीने घोटाळा होतो’ हे वाक्य तक्त्यात येताना ‘३६ पट्ट्या’ एवढेच उरते. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई हाच तक्ता घेऊन वर्गात जातात. पट्ट्या कमी वाटतात म्हणून तीन-तीन वाटतात, आणि तिसऱ्या ओळीवर मुले भांडायला लागतात, माझा अर्धा मोठा की तुझा.

यावर मी दोन गोष्टी करते. ‘जर-तर’ असेल तर तो कृतीच्या रकान्यातच बाणाने लिहायचा, वर ‘४/८ मोठा’च्या पुढे आहे तसा. मुले कोणते चुकीचे उत्तर देतील आणि तेव्हा शिक्षकाने काय करायचे, एवढेच. त्याचप्रमाणे विचारायचा प्रश्न अवतरणचिन्हांत, जसाच्या तसा. ‘चर्चा’ असे लिहिले की वर्गात ऐन वेळी ‘मग मुलांनो, समजलं का?’ हाच प्रश्न तोंडी येतो आणि बत्तीस जण ‘हो’ म्हणतात. आणि ‘कारण’ मात्र तक्त्याखाली, दोन-तीन ओळींत, परिच्छेदातच ठेवायचे : पट्टी एकच का, रंग का नाही, मोठी पट्टी तिसऱ्या ओळीत न आणता चौथीत का. मूळ परिच्छेद फेकायचा नाही. त्यातला काय-कधी-किती हा भाग वर गेला, का हा भाग खाली उरला.

कागदही आडवा धरावा. उभ्या पानावर चार रकाने पाडले की कृतीचा रकाना एवढा अरुंद होतो की एका ओळीत तीन शब्द मावतात. कृतीला निम्मी रुंदी, वेळेला बोटभर. टेबलावर पडलेला तक्ता उभ्याने वाचता आला पाहिजे. वेळेचे आकडे मी लाल शाईने मोठे काढायला सांगते.

प्रत्येक पाठाला हे चालत नाही. मराठीच्या तासाला कविता असेल तर मी तक्ता तीन ओळींवर आणते आणि मधली ओळ वीस मिनिटांची ठेवते : शिक्षकाचे वाचन, मुलांचे वाचन, पुन्हा वाचन. तिचे तुकडे पाडून प्रत्येकापुढे ‘लय ओळखतो’, ‘भाव सांगतो’ असे लिहिले की कवितेचा प्रश्नोत्तरांचा तास होतो. तिथे उद्दिष्टाचा रकाना अर्धा रिकामा राहिला तरी राहू द्यावा.

उलट, जिथे तक्त्यावाचून भागतच नाही अशी एक जागा आहे, आणि अध्यापक विद्यालयात तिची तयारी फारशी होत नाही. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथीच्या मुलांना दोन शिक्षक, म्हणजे एकाकडे एका वेळी दोन वर्ग, बहुधा एकाच खोलीत. पाचवी जोडलेली असेल तर तीनही. परिच्छेद एका वेळी एकच गोष्ट सांगतो. इथे एका वेळी दोन घडत असतात. तेव्हा मी दोन इयत्तांचे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवायला लावते आणि मधे एक पाचवा रकाना घालते : ‘शिक्षक कुणाजवळ’.

वरचा अपूर्णांकाचा तास चौथी-पाचवीच्या जोडवर्गात घ्यायचा आहे असे धरा. पहिली आणि तिसरी ओळ शिक्षकाशिवाय होत नाही. दुसरी होते, कारण काय करायचे ते पहिल्या ओळीत मुलांनी शिकलेले आहे आणि नोंद वहीत आहे. चौथी अर्धी होते. शेवटची होते. म्हणजे पाचवीजवळ शिक्षक हवेत ते पहिली सात मिनिटे, मग पंधराव्यापासून बाविसाव्या मिनिटापर्यंत आणि पुढची तीन-चार. मधली आठ आणि शेवटची आठ-नऊ मिनिटे चौथीसाठी मोकळी. चौथीच्या तक्त्यात नवा भाग सुरुवातीलाच असेल तर दोन्ही वर्ग पहिल्या मिनिटाला शिक्षक मागतात. मग चौथीला आधी कालच्या उदाहरणांची सात मिनिटे द्यायची आणि त्यांचा नवा भाग आठव्या मिनिटाला आणायचा. कोणती ओळ वर-खाली सरकू शकते आणि कोणती नाही, हे ‘शिक्षक कुणाजवळ’च्या रकान्यावरून खाली बोट फिरवले की दिसते. एकाच वेळेसमोर दोन्ही इयत्तांची नावे आली की तिथे टाचण पुन्हा मांडायचे.